‘९२५’ बघून चांदी घेताय? या चुका टाळा

सराफ पेढीवर बसणाऱ्या माणसाला दिवाळी आणि लग्नसराई संपली की एक काम हमखास येतं. बाहेरून ‘चांदीचे’ म्हणून घेतलेले डागदागिने मोडीला येतात आणि त्यातले काही चांदीचे नाहीत हे समोरच्या माणसाला तोंडावर सांगावं लागतं. लोक ज्या खुणांवर विसंबतात त्या ठरलेल्या आहेत: आतल्या बाजूचा ९२५ चा शिक्का, लोहचुंबक आणि बर्फाचा तुकडा. तिन्ही खुणा मुलामा दिलेल्या दागिन्यावरही बिनदिक्कत पास होतात.

पहिली चूक: ९२५ ला हॉलमार्क समजणं

९२५ चा ठसा बाजारात कुणालाही मिळतो. ठसा आणि हातोडी असली की पितळेवरही ९२५ उमटतं. त्या आकड्याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी एवढाच. तो कुणी मारला आणि तपासून मारला का, हे त्यावरून कळत नाही.

हॉलमार्क म्हणजे भारतीय मानक ब्युरो अर्थात बीआयएसच्या मान्यताप्राप्त केंद्रात दागिना तपासल्यावर त्यावर उमटवलेली खूण. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, येतो. म्हणजे खुणेत तीन गोष्टी दिसतात: बीआयएसचं चिन्ह आणि त्यासोबत SILVER हा शब्द, शुद्धतेचा आकडा, आणि एचयूआयडी. आधीच्या हॉलमार्कमध्ये एचयूआयडीऐवजी तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण असायची. जुना डाग असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका.

इथे बहुतेक जण अर्ध्यात थांबतात. सहा अक्षरं दिसली की समाधान होतं. अरे, ती अक्षरंसुद्धा कोरता येतात! BIS CARE ॲप उघडा, Verify HUID मध्ये तो क्रमांक टाका आणि काय येतं ते नीट वाचा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क केल्याची तारीख, केंद्राचं आणि सराफाचं नाव हे सगळं हातातल्या वस्तूशी जुळायला हवं. हातात पैंजण आणि ॲपवर अंगठी असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच डागाचा उचललेला आहे. मी दागिन्याचा प्रकार सगळ्यात आधी बघतो, कारण चोरलेला क्रमांक तिथेच उघडा पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सोन्याचं हॉलमार्किंग सक्तीचं झालं, चांदीचं अजून ऐच्छिक आहे. त्यामुळे हॉलमार्क नाही म्हणून दागिना नकली, असं होत नाही. शिवाय हॉलमार्कचे दर्जे ८०० च्या खाली जात नाहीत. रोजच्या वापरातले पैंजण, जोडवी पुष्कळदा ६०-७० टंचाची, म्हणजे शंभर भागांत ६०-७० भाग चांदीची असतात. ती चांदीचीच असतात, पण त्यांना हॉलमार्क मिळूच शकत नाही. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीच्या कारागिरांकडे गेलात तर तिथे बोलणंच टंचाचं असतं.

जुन्या चमच्या-ताटांवरच्या ‘ईपीएनएस’ किंवा ‘अल्पाका’ या शिक्क्यांना मात्र भुलू नका. पहिला सांगतो की वस्तू जर्मन सिल्व्हरची आहे आणि वर चांदीचा मुलामा आहे. दुसरं तर जर्मन सिल्व्हरचंच दुसरं नाव. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदीचा कणही नसतो.

दुसरी चूक: चुंबक आणि बर्फावर निकाल देणं

मागे एक मावशी पेढीवर आल्या. भाचीने प्रदर्शनातून त्यांच्यासाठी भरीव कडं आणलं होतं, आत ९२५ चा सुरेख ठसा. ते मोडून नातवासाठी वाळे करायचे होते.

“मावशी, पावती आहे का?”

“पावती नाही रे बाबा, पण सगळं तपासलंय. चुंबकाला चिकटलं नाही. बर्फ ठेवला तर भराभर पाणी झालं. भाचीने व्हिडिओ बघून केलंय सगळं.”

चुंबकाने लोखंड आणि स्टील तेवढं वगळता येतं. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही आणि नकली चांदी बहुतेक वेळा यांचीच असते. बर्फाचं तर विचारूच नका. चांदी उष्णता जोरात वाहून नेते हे खरं, पण तांबं तिच्या पाठोपाठच आहे. जाड धातूच्या कुठल्याही तुकड्यावर बर्फ लाकडी टेबलापेक्षा लवकर वितळतो आणि बघणाऱ्याला तो ‘भराभर’च वाटतो. शेजारी तेवढ्याच जाडीची खात्रीची चांदी ठेवल्याशिवाय त्या भराभरला काही अर्थ नाही.

कड्याच्या आतल्या बाजूला कानशीने थोडं घासून बघितलं. आतही पांढरंच निघालं. मावशींचा चेहरा खुलला. पण घासण्याची परीक्षा पितळेला आणि तांब्याला पकडते, कारण मुलाम्याखालून पिवळं किंवा लाल दिसतं. जर्मन सिल्व्हर आतूनही पांढरंच असतं.

मग मी तेच केलं जे भरीव डागाला नेहमी करतो. पाण्यात वजन घेतलं.

हे घरीही करता येतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. आधी दागिना कोरडा तोला. मग काट्यावर पाऊण भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तो तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. दोरा हातात धरलेला असतानाच काटा वाचा. तो आकडा म्हणजे दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या वजनाला त्याने भागा, घनता मिळते.

कडं कोरडं ६१.४० ग्रॅम भरलं. पाण्यात काट्याने ७.१० दाखवलं. भागाकार ८.६५. ९२५ चांदीची घनता १०.३६ च्या आसपास असते. तेवढ्याच वजनाचं चांदीचं कडं असतं तर काट्याने ५.९३ दाखवायला हवं होतं. सव्वा ग्रॅमच्या आसपास फरक, तोही एवढ्या वजनात, हात थरथरल्याने येत नाही. मग घासलेल्या जागी तेजाबाचा थेंब टाकला आणि तो हिरवा झाला. जर्मन सिल्व्हर. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. प्रदर्शनातला तो गाळा केव्हाच उठला होता. पावतीच नाही, तर भांडणार कुणाशी?

ही परीक्षा कुठे फसते तेही माहीत हवं. पोकळ दागिन्यात हवा असते. खडे किंवा आत लाख भरलेल्या तोड्यांचा आकडा खाली येतो आणि चांगली चांदीही नकली वाटते. दागिन्याला बुडबुडे चिकटले तरी तसंच होतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकतो आणि दागिना हलवून घेतो. चार ग्रॅमच्या जोडव्यात खऱ्या-खोट्याचा फरक काट्याच्या पाच-सात बारीक अंकांत येतो, तिथे मी या परीक्षेवर बोलत नाही. आणि या आकड्यावरून शुद्धता ठरवायला जाऊ नका. ६० टंचाची चांदी ९.८ च्या जवळपास येते, ८०० ची १०.१४ ला, ९२५ ची १०.३६ ला. घरच्या काट्यावर यांच्यात भेद करणं धाडसाचं आहे. भरीव डाग पावणेनऊच्या आत आला तर तो चांदीचा नाही, एवढं मात्र ठामपणे सांगता येतं.

बाकीच्या, थोडक्यात

काळं पडलं म्हणून नकली, असं नाही. खरी चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. काळं पडतं म्हणून अस्सल, असंही नाही, कारण मुलामाही चांदीचाच असतो. तो कडेला आणि कडीच्या तोंडाशी आधी उडतो, म्हणून भिंगातून तिथेच बघा.

तेजाब घरी आणू नका. कुणी कितीही सोपं करून दाखवलं तरी नाही.

सराफाच्या मशीनने ९२.५ दाखवलं की विषय संपला असं समजू नका. ते मशीन पृष्ठभागाजवळचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर आकडा मुलाम्याचाच येतो. थोडं घासून आतल्या जागी पुन्हा लावायला सांगा. खात्रीच्या माणसाला याचा राग येत नाही.

विकणारा ओळखताना

दुकान किती जुनं, काचा किती चकचकीत, याला मी महत्त्व देत नाही. पावती बघतो. तिच्यावर वजन, टंच किंवा हॉलमार्कचा दर्जा, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेले हवेत. नुसतं ‘चांदी पैंजण १ जोड’ लिहिलेली पावती काही कामाची नाही.

टंच लिहून घ्या हा माझा हट्ट आहे आणि त्याला कारण आहे. १०० ग्रॅमचे पैंजण ६५ टंचाचे असतील तर त्यात शुद्ध चांदी ६५ ग्रॅम. विकताना पूर्ण १०० ग्रॅमला शुद्ध चांदीचा भाव लावला, तर ३५ ग्रॅमचे पैसे तुम्ही तांब्यासाठी दिले. मोडीला गेल्यावर कुणीही ६५ च धरणार. दागिना नकली नसतो, पण फसवणूक तेवढीच होते, आणि नकलीपेक्षा अशी फसवणूक मला जास्त बघायला मिळते. घडणावळ स्वतंत्र द्या, ती कारागिराच्या हाताची असते. तांब्याला चांदीचा भाव मात्र देऊ नका.

पैसे देण्याआधी एकच विचारा: “हाच डाग उद्या मोडीला आणला तर किती टंच धराल?” जो आकडा सांगतो आणि पावतीवर लिहून देतो, त्याच्याकडे घ्या. “आमच्याकडे परत आणा, बघू” म्हणणाऱ्याकडून उठा.

ऑनलाइन घेताना वर्णन शेवटपर्यंत वाचा. ‘सिल्व्हर प्लेटेड’, ‘सिल्व्हर टोन’, ‘ऑक्सिडाइज्ड’, ‘सिल्व्हर फिनिश’ यातला एकही शब्द दागिना चांदीचा आहे असं सांगत नाही. (ऑक्सिडाइज्ड चांदीही असते, पण मग तिथे चांदी आणि दर्जा स्पष्ट लिहिलेला असतो.) वजन ग्रॅममध्ये दिलेलं नसेल तर घेऊ नका. वजन असेल तर त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा. घडणावळ सोडाच, नुसत्या धातूच्या किमतीपेक्षाही दागिना स्वस्त मिळत असेल तर तो चांदीचा कसा असेल?

हॉलमार्क असलेला दागिना तपासणीत कमी शुद्धतेचा निघाला, तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात फी भरून होते. तक्रार त्याच BIS CARE ॲपवरून करता येते आणि तिथे पहिल्यांदा विचारतात ती पावती.