खांद्याची ट्रायल वाचताना: आधी ब्लाइंडिंग, मग पी व्हॅल्यू

बेळगावात जर्नल क्लबला नवीन रेसिडेंट उभा राहिला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, पी सिग्निफिकंट आहे." मी तिथंच थांबवतो. सरावाला मी 2018 च्या लॅन्सेटमधली सीसॉ ही ब्रिटनमधली ट्रायल देतो.

सबअक्रोमियल पेनच्या 313 पेशंटचे तीन गट होते. एकाचं दुर्बिणीतून डीकॉम्प्रेशन झालं. दुसऱ्यात दुर्बीण घालून नुसतं बघितलं, हाड घासलं नाही. तिसऱ्यात काहीच उपचार नाहीत. सहा महिन्यांनी ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर घेतला. हा 0 ते 48 असतो, जास्त म्हणजे खांदा बरा.

डीकॉम्प्रेशनवाले बिनउपचारवाल्यांपेक्षा 2.8 गुणांनी पुढं होते आणि पी 0.05 च्या खाली. इथंच गडबड होते. तिसऱ्या गटातल्या पेशंटला ठाऊक होतं की आपल्याला काही केलेलं नाही, आणि स्कोअर भरणारा तोच. म्हणजे मोजणाराच ब्लाइंड नाही. एक्स-रे वाचणारा वेगळा बसवता येतो, पण 'दुखतंय का' याचं उत्तर दुसरा कोण देणार?

पहिल्या दोन गटांत मात्र टाके सारखेच, त्यामुळं पेशंटला आपला गट कळत नव्हता. तिथं फरक उलट, उणे 1.3, कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे 3.9 ते 1.3. लेखकांनी महत्त्वाचा मानलेला किमान फरक 4.5 गुणांचा होता. इंटरव्हलचं वरचं टोकसुद्धा तिथं पोचत नाही, म्हणजे हाड घासण्याचा पेशंटला जाणवेल एवढा फायदा जवळपास बाद. बिनउपचार गटाशी तुलनेत इंटरव्हल 0.5 ते 5.2 आहे. तिथं सरासरी 4.5 च्या खाली असली तरी वरचं टोक पलीकडं जातं, म्हणून 'फरक नाहीच' असं ठासून म्हणू नका.

आता हे 4.5 आपल्याकडं जसंच्या तसं लावायचं का? मला शंका आहे. या स्कोअरमध्ये बारा प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4 गुण. त्यातला एक विचारतो, सुरी-काटा एकाच वेळी वापरता येतो का? खानापूरच्या मावशींना विचारून बघा, त्या म्हणतील, "भाकरीला काटा कशाला लागतोय, डॉक्टर?" उत्तरावर अंदाजे टिक केली की त्या प्रश्नाचे गुण खांद्याबद्दल फारसं सांगत नाहीत. स्थानिक भाषेतलं रूप आपल्या पेशंटवर तपासलंय का, हे म्हणूनच पेपरात शोधायचं.

एक तक्ता हमखास सुटतो: सहा महिन्यांपर्यंत ठरलेला उपचार किती जणांना मिळाला? नुसत्या दुर्बिणीच्या गटात 42 टक्क्यांना तो मिळालाच नव्हता. इंटेन्शन-टू-ट्रीटमध्ये ते त्याच गटात मोजले जातात आणि खरा फरक असेल तर तो पुसट होऊ शकतो. म्हणून पर-प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेला उपचार खरंच मिळालेल्यांचे आकडेही उघडून ठेवा. प्रश्न तिथूनच येणार.