प्रॉडक्टची वर्णनं नव्याने लिहायला घेताय? आधी सिंक बघा

सप्लायरने दिलेली वर्णनं काढून स्वतःची लिहायची ठरवली असेल तर लगेच लिहायला बसू नका. आधी सप्लायरचा फीड तुमच्या दुकानात काय काय ओततो ते बघा. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं, बरीच पानं नीट बसून लिहिली आणि रात्रीच्या सिंकमध्ये सगळ्यांवर परत सप्लायरचा मजकूर येऊन बसला. एरर नाही, मेल नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं, फीडमध्ये वर्णनाचा कॉलम होता, त्याने तो भरला. त्यामुळे या यादीत सिंक परत परत येणार.

तर पहिलं काम हेच. फीड आणणारं जे काही प्लगइन किंवा अ‍ॅप असेल त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन, आधीपासून दुकानात असलेल्या प्रॉडक्टची कुठली फील्ड ते अपडेट करतं हे बघा. बहुतेक ठिकाणी सगळा डेटा किंवा निवडक डेटा असा पर्याय असतो आणि बसवताना घाईत सगळा डेटा ठेवलेला असतो. निवडक करा, त्यात फक्त स्टॉक आणि किंमत राहू द्या, बाकी सगळं काढा. वूकॉमर्समध्ये हाताने सीएसव्ही चढवत असाल तर कॉलम मॅपिंगच्या स्क्रीनवर `Description` आणि `Short description` या दोन्हींसमोर `Do not import` निवडायचं. दोन्हींसमोर! फक्त पहिल्यासमोर निवडलंत तर मोठं वर्णन टिकतं आणि किंमतीशेजारचं छोटं वर्णन मात्र पुसलं जातं, आणि गिऱ्हाईक आधी तेच वाचतं. प्रॉडक्टचं नाव बदलणार असाल तर तेही याच यादीत धरा.

सेटिंग केलं म्हणजे झालं असं समजू नका. एका प्रॉडक्टच्या दोन्ही वर्णनांत काहीतरी ओळखू येईल असा शब्द टाका, सिंक हाताने चालवा, पान उघडा, शब्द आहे का बघा. मग रात्रीचं आपोआप होणारं सिंक होऊ द्या आणि सकाळी परत बघा, कारण हाताने चालवलेलं आणि वेळापत्रकावरचं ही दोन वेगळी सेटिंग असू शकतात. दोन्हींत शब्द टिकला तरच लिहायला घ्या. काही सर्व्हिसमध्ये वर्णन वगळायची सोयच नसते, तिथे आपला मजकूर वेगळ्या कस्टम फील्डमध्ये ठेवायचा आणि थीममध्ये असं करून घ्यायचं की ते फील्ड भरलेलं असेल तर तेच दाखव, नसेल तर सप्लायरचं दाखव. थोडं काम आहे, पण मग सिंकने काहीही केलं तरी तुमचं लिखाण सुरक्षित. आणि फीडमधून येणारं नवीन प्रॉडक्ट थेट लाईव्ह न होता ड्राफ्टमध्ये येईल असं करा, नाहीतर इकडे जुनी पानं सुधारताय आणि तिकडे उचललेल्या मजकुराची नवी पानं येतच राहतात.

बॅकअप घ्या, हे सांगायला नको.

आता कुठली पानं घ्यायची. शेकडो प्रॉडक्ट असतील तर सगळी लिहिणार नाही आहात, हे आधीच मान्य करा. सर्च कन्सोलमध्ये ज्या पानांना इम्प्रेशन आहेत पण क्लिक नाहीत ती, जी खरंच विकली जातात ती, आणि ज्यांचे रिटर्न जास्त येतात ती, एवढ्यांतून पहिली वीस काढा. ज्या वस्तू पुढच्या सीझनला बंद होणार आहेत त्यांना हातही लावू नका. मजकूर किती ठिकाणी सापडतो हे बघायला वर्णनाच्या मधलं आठ-दहा शब्दांचं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा, तेच वाक्य किती दुकानांत आहे ते लगेच दिसेल. याची दंड म्हणून भीती घालणारे भेटतात, पण सप्लायरचं वर्णन वापरलं म्हणून गुगल शिक्षा करत नाही. होतं असं की एकसारख्या पानांतलं एखादंच तो निकालात पुढे दाखवतो, आणि त्याच मजकुराची मोठी, जुनी दुकानं समोर असताना ते पान तुमचं असण्याची शक्यता कमीच असते.

याचा सरळ अर्थ असा की वाक्यं फिरवून उपयोग नाही. 'उत्कृष्ट' काढून 'उत्तम' घातलं, वाक्यांचा क्रम बदलला, तर मजकूर कागदावर वेगळा झाला, पण वाचणाऱ्याला दुसऱ्या दुकानात न मिळणारं काय मिळालं? काहीच नाही. नवी माहिती हवी आणि ती लिहून तयार होत नाही, गोळा करावी लागते. म्हणून वस्तू हातात हवी, मोजपट्टी आणि वजनकाटा हवा, गिऱ्हाईकांचे आलेले प्रश्न हवेत आणि रिटर्नची कारणं हवीत. ही शेवटची दोन खरी सोन्याची खाण आहेत, पानावर काय लिहायचं राहिलंय ते तिथे गिऱ्हाईकाच्या शब्दांत लिहिलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. टेबलाला चिमट्यासारखा क्लॅम्पने लावायचा एलईडी दिवा. सप्लायरचं वर्णन साधारण असं असतं: 'आकर्षक डिझाईन, डोळ्यांना आरामदायक प्रकाश, घर व ऑफिससाठी आदर्श, 6 सेंमीपर्यंतच्या टेबलाला बसतो.' आता दिवा टेबलावर ठेवा आणि एकेक तपासा. क्लॅम्प पूर्ण उघडून मोजला तर तोंड 5 सेंमी निघालं, म्हणजे सप्लायरचा आकडाच चुकीचा, आणि रबराची पट्टी धरून व्यवस्थित घट्ट बसायला टेबल साडेचार सेंमीपर्यंतच हवं. वायर दीड मीटर, शेवटी यूएसबी पिन, पण बॉक्समध्ये अ‍ॅडॉप्टर नाही, आणि रिटर्नची यादी काढली तर निम्मी कारणं हीच, 'प्लग आलाच नाही'. बंद करून परत लावला की मागचा उजेड लक्षात ठेवतो का? हा प्रश्न गिऱ्हाईक विचारतात आणि सप्लायर कधी सांगत नाही. बटण दाबून बंद केला तर ठेवतो, पिन काढून घातली तर नाही. टेबलाच्या खाली पत्र्याची किंवा लाकडाची पट्टी असेल तर क्लॅम्पचा खालचा भाग आत सरकत नाही, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता वर्णन आपोआप लिहिलं जातं: 'साडेचार सेंमीपर्यंत जाडीच्या टेबलाला बसतो, खालच्या बाजूला पट्टी असेल तर बसणार नाही, आधी हात फिरवून बघा. यूएसबीवर चालतो, अ‍ॅडॉप्टर सोबत येत नाही, फोनचा साधा चार्जर चालतो. वायर दीड मीटर आहे, प्लग पॉईंट टेबलापासून लांब असेल तर एक्स्टेन्शन लागेल. बटणाने बंद केला तर मागचा उजेड लक्षात राहतो.' बघा, यात कौतुकाचं एकही विशेषण नाही आणि हे दुसऱ्या कुठल्या दुकानात सापडणार नाही. कुणी घेऊ नये हे लिहायला घाबरू नका, ज्याच्या टेबलाला तो बसणारच नाही त्याची ऑर्डर रिटर्न म्हणून परतच येणार होती.

आणि उलट बाजूने, काही गोष्टींना हात लावायचा नाही. व्होल्टेज, साहित्य, घटक, सुरक्षेच्या सूचना, वॉरंटीच्या अटी, मॉडेल नंबर हे जसंच्या तसं ठेवा, वेगळ्या तक्त्यात. ते दहा दुकानांत सारखं असलं तरी चालतं, ते सारखंच असायला हवं. सोप्या भाषेत लिहिण्याच्या नादात 'पाण्याचे शिंतोडे चालतात' चं 'वॉटरप्रूफ' झालं तर ते तुमचं वचन झालं, सप्लायरचं नाही. स्वतः मोजलेला आकडा सप्लायरपेक्षा वेगळा आला तर सप्लायरला आधी विचारा, कदाचित तुमच्याकडे जुना लॉट असेल.

तोच दिवा चार रंगांत चार पानांवर असेल तर चार वेगळी वर्णनं लिहीत बसू नका, रंगाबद्दल चार प्रकारे लिहिण्यासारखं काही नसतं. एक पान करा, रंग व्हेरिएशन म्हणून द्या, जुन्या पानांवरून त्यावर रीडायरेक्ट करा.

मजकूर शीटमध्ये लिहीत असाल तर चढवायच्या फाईलमध्ये एवढेच कॉलम ठेवा:

```
SKU,Short description,Description
```

किंमत आणि स्टॉक त्यात ठेवलेत तर चढवताना आठवड्यापूर्वीची किंमत परत लागू होईल, सिंकसारखाच प्रकार, फक्त यावेळी तुमच्याच हाताने. शीट उघडताना एसकेयूचा कॉलम टेक्स्ट म्हणून उघडा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि फाईल प्रॉडक्टशी जुळतच नाही. सेव्ह करताना यूटीएफ-8, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. चढवताना `Update existing products` वर टिक हवीच. आणि आपल्या या फाईलच्या वेळी मॅपिंगमध्ये वर्णनं चालू ठेवायची आहेत, सप्लायरच्या फाईलच्या वेळी बंद. हे उलटसुलट होतं, म्हणून दोन्ही फाईलींची नावं ओरडून सांगतील अशी ठेवा.

सप्लायरचं मूळ वर्णन फेकून देऊ नका, दुसऱ्या शीटमध्ये तारखेसह ठेवा. सिंकमधून वर्णन वगळलं की सप्लायरने पुढे वस्तूतच बदल केला तर तो तुम्हाला कळणार नाही, ही त्या सेटिंगची किंमत आहे. महिन्यातून एकदा नवा फीड आणि जुनी शीट शेजारी लावून फरक बघा. त्याच वेळी सिंकचं सेटिंगही बघा, प्लगइन अपडेट झाल्यावर, सप्लायरने फीडचा फॉरमॅट बदलल्यावर, आणि दुसऱ्या कुणी सेटिंगला हात लावल्यावर तर लगेच बघा.

मार्केटप्लेसवरही विकत असाल तर तिकडे हा नवा मजकूर पाठवू नका, सप्लायरचाच जाऊ द्या, नाहीतर तुमचंच वर्णन तुमच्यापेक्षा मोठ्या साईटवर जाऊन बसेल. मेटा डिस्क्रिप्शन जुनंच राहिलेलं असतं, तेही बदला. कॅश साफ करा, पान मोबाईलवर एकदा वाचा.

मग सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये एकेक पान टाकून `Request indexing`. वीस पानं असतील तर दोन-तीन दिवसांत विभागून करा, रोजची मर्यादा आहे. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, तोवर मजकूर परत परत बदलू नका. काही दिवसांनी तिथेच `View crawled page` उघडून गुगलने कुठला मजकूर वाचलाय ते बघा, तुमचा की जुना.