स्पर्धेआधी सर्व्हिस तपासून घ्या: तळहात, टॉस आणि झाकलेला बॉल

टेबल टेनिसच्या स्पर्धेला पंधरा दिवस उरले की पहिलं काम करायचं ते मोबाइलचा स्टँड शोधायचं. आपली सर्व्हिस नियमात बसते की नाही, हे सर्व्हिस करणाऱ्याला कधीच नीट दिसत नाही. ते दिसतं समोरच्या रिसीव्हरला आणि नेटच्या रेषेत बाजूला बसलेल्या अंपायरला. म्हणून नेहमीच्या सर्व्हिस या दोन्ही जागांवरून रेकॉर्ड करा. एकदा मोबाइल नेटच्या रेषेत, टेबलापासून दोन-तीन मीटर अंतरावर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. दुसऱ्यांदा तो टेबलाच्या पलीकडे, रिसीव्हर वाकून उभा राहतो त्या उंचीला ठेवा. स्लो मोशन सेकंदाला १२० फ्रेमवर लावा. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत टॉसचा वर जाणारा भाग पाच-सहा फ्रेममध्येच संपतो आणि त्यातून काही ठरवता येत नाही.

आधी तळहात पाहा. सर्व्हिसची सुरुवात मोकळ्या हाताच्या उघड्या तळव्यावर बॉल सुटा ठेवून, हात स्थिर करून व्हायला हवी. बॉल बोटांच्या टोकांवर नको, अंगठ्याने दाबलेला नको, हाताची वाटी करून त्यात लपवलेला नको. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. बोटांत धरलेल्या बॉलला सोडता सोडता फिरकी देता येते, आणि टॉस करताना बॉलला फिरकी द्यायला नियमाची मनाई आहे. तळवा उघडा असला की अशी फिरकी देता येत नाही आणि अंपायरलाही ते लांबून दिसतं. हात किती सेकंद थांबवायचा हे नियमात लिहिलेलं नाही, पण तो थांबलेला दिसला पाहिजे. सरावात मनात ‘एक’ म्हणण्याइतका वेळ द्या. चालत चालत येऊन त्याच ओघात बॉल उडवायची सवय असेल, तर ती याच पंधरवड्यात मोडायला हवी.

तळहाताबद्दल आणखी एक चूक लहान मुलांत फार दिसते. टेबलाची उंची ७६ सेंटीमीटर. हात स्थिर झाल्यावर, जोर मिळावा म्हणून मूल हात खाली झुकवतं आणि मग वर उडवतं. त्या झुकण्यात बॉल टेबलाच्या पातळीखाली गेला की सर्व्हिस चुकली, कारण सुरुवातीपासून बॅट लागेपर्यंत बॉल टेबलाच्या पृष्ठभागाच्या वर आणि एंडलाइनच्या, म्हणजे टेबलाच्या आपल्याकडच्या कडेच्या, मागे राहायला हवा. बॅट खाली असली तर चालते; नियम बॉलचा आहे. हात छातीच्या जवळपास ठेवून सुरुवात केली की झुकायला पुरेशी जागा राहते. मात्र हात टेबलावर पुढे येऊ देऊ नका. एंडलाइनच्या आत तळवा ठेवून केलेली सर्व्हिस सुरुवातीलाच बाद असते.

आता टॉस. बॉल तळव्यावरून सुटल्यावर किमान १६ सेंटीमीटर वर गेला पाहिजे. ही उंची टेबलापासून मोजायची नसते आणि हात जिथून निघाला तिथूनही नाही. बॉल हातातून सुटला त्या जागेपासून ती मोजायची. बरेच जण बॉलसकट हात वर नेतात. बॉल एकूण तीस सेंटीमीटर वर गेलेला दिसतो, पण त्यातले वीस हाताबरोबरचे असतात आणि सुटल्यानंतरचे फक्त दहा. अशा सर्व्हिसवर फॉल्ट मिळाला की खेळाडूला अन्याय वाटतो. व्हिडिओ पाहिल्यावर तसं वाटत नाही.

मोजायची सोपी रीत अशी. अंपायरच्या जागेवरून घेतलेल्या व्हिडिओत बॉल तळव्यापासून सुटला ती फ्रेम आणि बॉल सर्वांत वर पोचला ती फ्रेम शोधा, आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत किती फ्रेम पुढे जावं लागलं ते मोजा. १६ सेंटीमीटर चढायला बॉलला साधारण ०.१८ सेकंद लागतात, म्हणजे १२० फ्रेमच्या व्हिडिओत २२ फ्रेम. २१ आल्या तर उंची १५ सेंटीमीटर भरते, म्हणजे कमी. २४ आल्या तर जवळपास २० सेंटीमीटर, आणि ३० आल्या तर ३० सेंटीमीटरच्या आसपास. आमचा सल्ला असा की सरावात लक्ष्य २७ ते ३० फ्रेमचं ठेवा. १६ सेंटीमीटरवर घुटमळणारा टॉस सामन्याच्या ताणात १३-१४ वर येतो. अंपायर पट्टी घेऊन बसलेला नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर नेट असतं आणि नेटची उंची १५.२५ सेंटीमीटर असते. नेटच्या उंचीपेक्षा ठळकपणे जास्त दिसणाऱ्या टॉसवर कुणी शंका घेत नाही.

टॉस सरळ वर हवा, उभ्या रेषेपासून अगदी थोडासा कललेला चालतो. पूर्वी ४५ अंशांपर्यंत मोकळीक होती, ती आता नाही. आणि बॉल खाली येत असतानाच मारायचा. वर जाताना किंवा टोकावर असताना मारलेला बॉल फॉल्ट आहे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये कूलर चालूच असतात, त्यामुळे सरळ टॉसची खरी परीक्षा तेव्हाच होते. ४० मिलिमीटरचा हा बॉल फक्त २.७ ग्रॅमचा असतो. कूलरच्या झोतात तीस-चाळीस सेंटीमीटरचा टॉस तिरका व्हायला वेळ लागत नाही. म्हणून हॉलवर लवकर जा, आपलं टेबल कोणतं ते कळलं की दोन्ही टोकांकडून पाच-पाच टॉस करून बॉल कुठे वाहतो ते पाहा. झोत थेट येत असेल तर सामना सुरू व्हायच्या आधीच अंपायरला किंवा रेफरीला सांगा.

लॉन टेनिस पाहणाऱ्या मुलांचा इथे हमखास गैरसमज असतो. टॉस वाकडा गेला म्हणून बॉल पुन्हा झेलायची सोय टेबल टेनिसमध्ये नाही. हेतुपुरस्सर बॉल उडवला की रॅली सुरू झाली. तो झेलला, सोडून दिला किंवा बॅट हुकली, तरी पॉइंट समोरच्याचा. टॉस बिघडला तर साधी, सुरक्षित सर्व्हिस करून बॉल टेबलावर टाकायचा सराव वेगळा करून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बॉल झाकण्याच्या नियमाला. बॅट बॉलला लागते तो क्षण जेमतेम हजारांश सेकंदाचा असतो, पण रिसीव्हरला हवी ती सगळी माहिती त्यातच असते: बॅट बॉलच्या खालून गेली की बाजूने, किती उघडी होती, मनगट किती फिरलं. चॉप, म्हणजे खालून कापून उलटी फिरकी दिलेला बॉल, आणि फिरकी नसलेला बॉल हवेत जवळजवळ सारखेच दिसतात. चॉपवर बॅट सपाट लावली की बॉल नेटमध्ये, आणि बिनफिरकीच्या बॉलवर बॅट उघडली की तो उंच उडून मारायला आयता. बॅट लागण्याचा क्षण दंडाआड किंवा खांद्याआड लपवला, तर रिसीव्हरला केवळ अंदाज करावा लागतो, आणि रॅली सुरू होण्याआधीच संपते. बॅटच्या दोन बाजूंना वेगळे रंग १९८० च्या दशकात सक्तीचे झाले तेही याच विचाराने, की समोरच्याला रबर ओळखता यावं. मोकळा हात बाजूला घेण्याची अट २००२ मध्ये आली. ती अशी: बॉल उडवल्याबरोबर मोकळा दंड आणि हात, बॉल आणि नेट यांच्यामधल्या जागेतून काढून घ्यायचा. ही जागा म्हणजे बॉलपासून नेटच्या दोन टोकांपर्यंत रेषा ओढल्यावर होणारा त्रिकोण, आणि तो वर कितीही उंच गेला असं धरायचं. त्यामुळे हात डोक्यावर उचलूनही सुटका होत नाही.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा उजव्या हाताने खेळणारी तेरा वर्षांची मुलगी आहे आणि तिची आवडती सर्व्हिस बॅकहँड कोपऱ्यातून फोरहँड पेंड्युलम, म्हणजे बॅट लंबकासारखी झुलवून केलेली. ती टेबलाला आडवी उभी राहते, डावा खांदा नेटकडे. रिसीव्हरच्या बॅकहँड कोपऱ्यात मोबाइल ठेवून व्हिडिओ काढला तर बॉल शेवटपर्यंत दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. मग मोबाइल रिसीव्हरच्या दुसऱ्या, म्हणजे फोरहँड कोपऱ्यात ठेवला, तर मारण्याच्या आधीच्या आठ-दहा फ्रेममध्ये बॉल गायब. कारण टॉस पोटाच्या फार जवळ होता, ती बॉलवर झुकली, आणि डावा खांदा व डोकं आड आलं. उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्यासमोर जी सर्व्हिस चालून गेली, तीच डाव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्यासमोर बेकायदा ठरते, कारण तो बहुधा त्याच कोपऱ्यात उभा असतो. म्हणून व्हिडिओ दोन्ही कोपऱ्यांतून काढायचाच.

तिच्यासाठी दुरुस्ती तीन ठिकाणी करायची. बॉल पोटापासून एक हाताच्या पंजाइतका आणखी लांब उडवायचा. छाती टेबलाकडे थोडी वळवायची, म्हणजे डावा खांदा रेषेतून मागे सरकतो. आणि डावा कोपर बॉल सुटताक्षणी मागे, बरगडीकडे ओढायचा. कोपर पुढेच तरंगत राहण्याची सवय तोल सांभाळण्यातून येते, त्यामुळे पाय थोडे फाकवून उभं राहिलं की ती कमी होते. इथे उंच टॉसचा दुसरा फायदा मिळतो. १६ सेंटीमीटरच्या टॉसमध्ये बॉल वर जाऊन त्याच उंचीला परत यायला सुमारे ०.३६ सेकंद लागतात. ३० सेंटीमीटरला अर्धा सेकंद. हात काढायला आणि शरीर वळवायला तेवढी जास्त सवड.

कपड्यांकडेही लक्ष द्या, कारण अंगावरच्या वस्तूनेही बॉल झाकला जाता कामा नये. डिसेंबरच्या थंडीत सकाळी जॅकेट घालून सराव होतो, आणि फुगलेली बाही नेमकी बॉलसमोर येते. सामन्यात ट्रॅकसूट रेफरीच्या परवानगीशिवाय चालत नाही, तेव्हा शेवटचे काही दिवस सराव सामन्याच्याच हाफ टी-शर्टमध्ये करा. डबल्समध्ये जोडीदाराच्या अंगानेही बॉल झाकला जाऊ शकतो; त्याने किती बाजूला उभं राहायचं ते आधीच ठरवा.

सामन्यात अंपायरला सर्व्हिसबद्दल नुसती शंका आली, तर तो पहिल्यांदा खेळ थांबवून ताकीद देतो आणि पॉइंट कापत नाही. त्यानंतर त्याच सामन्यात संशयास्पद सर्व्हिस झाली की थेट पॉइंट जातो, मग कारण पहिल्या वेळचंच असो वा दुसरं. डबल्समध्ये ही ताकीद जोडीतल्या दोघांनाही लागू होते. आणि चूक उघडउघड असेल, तर पहिल्याच वेळी ताकीद न देता पॉइंट जातो. सर्व्हिस नियमात आहे हे अंपायरला स्पष्ट दिसेल अशी करणं ही खेळाडूची जबाबदारी आहे, त्यामुळे ‘तुम्हाला नीट दिसलं नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. असा निर्णय रेफरीकडेही बदलून मिळत नाही. ताकीद मिळाली तर कशाबद्दल ते शांतपणे विचारा: टॉस, तळवा की झाकणं. मग पुढच्या दोन सर्व्हिस छाती जास्त उघडी ठेवून आणि टॉस उंच करून करा.