पाठीला बाक आणि कमरेत कळ: स्कोलिओसिस असलेल्या मोठ्यांनी या चुका टाळा

फिजिओथेरपी करताना स्कोलिओसिसचे, म्हणजे कणा बाजूला वाकलेले, मोठ्या वयाचे पेशंट माझ्याकडे येतात ते बहुधा एक्स-रेची फाइल छातीशी धरूनच. पहिला प्रश्नही ठरलेला: "हे सरळ होईल का?" मोठेपणी कण्याचा बाक व्यायामाने सरळ होत नाही. दुखणं मात्र बऱ्यापैकी कमी होऊ शकतं, कारण बाक आणि वेदना यांचं गणित समप्रमाणात चालत नाही. चाळीस अंशांचा बाक घेऊन आरामात हिंडणारे लोक मी पाहिलेत आणि पंधरा अंशांवर रडकुंडीला आलेलेही.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते. ४६ वर्षांच्या एक शिक्षिका. कमरेच्या मणक्यांचा बाक डावीकडे, म्हणजे कमान डाव्या बाजूला फुगलेली, एक्स-रेवर ३२ अंश. तासभर उभं राहून शिकवलं की कमरेची डावी बाजू भरून यायची. तिथे हाताला एक टणक फुगवटा लागायचा. "इथे गाठ झालीय, ती मोकळी करायचीय," असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी वर्षभर तिथे मसाज चालू होता. शिवाय रोज सकाळी डावा हात डोक्यावरून नेत उजवीकडे वाकायचं, दीड-दोन मिनिटं तसंच राहायचं. ताण बसला की बरं वाटायचं. पण चार महिन्यांपासून उजव्या मांडीच्या पुढच्या भागाला मुंग्या येऊ लागल्या होत्या.

इथेच सगळ्यात नेहमीची चूक झाली होती. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो पिळलाही जातो. कमरेत हा पीळ फुगलेल्या बाजूचे स्नायू मागे ढकलतो, म्हणून तिथे उंचवटा दिसतो. ती गाठ नसते. उलट त्या बाजूचे स्नायू आधीच लांबलेले असतात आणि शरीर पडू नये म्हणून दिवसभर राबत असतात. थकलेला स्नायू हाताला कडक लागतो, म्हणून माणूस त्याला आणखी ताणतो. शिक्षिकाबाई उजवीकडे वाकत होत्या तेव्हा तो बाक आणखी वाढत होता आणि कमानीच्या आतल्या, उजव्या बाजूला मणक्यांमधली नसेची वाट आणखी आवळली जात होती. उजव्या मांडीतल्या मुंग्यांमागे तेच असावं, असं मला वाटलं. डॉक्टरांनी तपासणी आणि एमआरआय करून दुजोरा दिला. पायात ताकद पूर्ण होती, त्यामुळे घाई नव्हती.

उजवीकडचा ताण बंद केला, मसाज ऐच्छिक ठेवला. त्यांना दिलेले व्यायाम तीनच. पहिला श्वासाचा: खुर्चीत ताठ बसून धड किंचित डावीकडे कलतं ठेवायचं आणि नाकाने घेतलेला श्वास उजव्या, खोल गेलेल्या कुशीत भरायचा. तिथे तळहात ठेवला तर बरगड्या बाहेर येतात का ते कळतं. सात-आठ श्वास पुरतात. स्कोलिओसिससाठीच्या श्रॉथ व्यायामपद्धतीत याच तत्त्वावर बरेच पुढचे व्यायाम आहेत, पण ते तिचं शिक्षण घेतलेल्या थेरपिस्टकडूनच शिकावेत, कारण प्रत्येकाचा बाक वेगळा आणि दिशा चुकली की उलटा परिणाम. दुसरा: डाव्या कुशीवर, गुडघे वाकवून, कोपरावर भार घेऊन कंबर उचलायची. खालची बाजू काम करते, म्हणून फुगलेली बाजू खाली. सुरुवात दहा सेकंद, पाच वेळा. तिसरा: हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे. यात कंबर खाली पडू द्यायची नाही. पाय कमी उचलला तरी चालतो, पण धड हललं तर तो व्यायाम राहत नाही.

आणि उभं राहणं. दुखणं चाळिसाव्या मिनिटाला येतं हे मोजल्यावर त्या पंचविसाव्या मिनिटाला दोन मिनिटं बसू लागल्या. दुखेपर्यंत थांबून मग बसलं की संध्याकाळ वाया जाते, हा त्यांचा स्वतःचाच अनुभव. चालणंही एकदम तासभर नको, दहा-दहा मिनिटं तीनदा. अडीच महिन्यांनी मुंग्या क्वचित आणि सलग उभं राहणं तासाच्या वर. एक्स-रे मी मुद्दाम काढायला सांगितला नाही.

त्यामागे कारण आहे. दोन एक्स-रेंमधला पाच अंशांपर्यंतचा फरक मोजमापातही येऊ शकतो. एक उभ्याने काढलेला, दुसरा आडवं झोपून, तर तुलनाच नको: झोपल्यावर बाक कमी दिसतो. "२९ चा ३२ झाला" म्हणून झोप उडवून घेणारे बरेच भेटतात. वाढ संपल्यावर तीस अंशांखालचे बाक सहसा फारसे पुढे सरकत नाहीत, पन्नासच्या पुढचे मात्र हळूहळू, वर्षाकाठी साधारण एखादा अंश, वाढू शकतात. साठीनंतर मणक्यांची झीज होऊन नव्याने बाक आला असेल तर ते प्रकरण वेगळं. तिथे मागे वाकण्याचे व्यायाम बऱ्याचदा त्रास वाढवतात. चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे झुकलं की मोकळे होतात, अशी खूण दिसली तर कोब्रासारखं आसन सोडा, स्थिर सायकल धरा. हाडं ठिसूळ असतील तर जोराने पुढे वाकणं आणि पीळ देणंही नको.

आता ब्रेस, म्हणजे धडाला बांधायचा कडक आधार. मुलांमध्ये तो कामाचा आहे, हे २०१३ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानेही दाखवलं. पण तिथे हाडं अजून वाढत असतात, बाक साधारण २५ ते ४० अंशांचा असतो आणि ब्रेस दिवसाचे बरेच तास घातला जातो. त्याचं काम म्हणजे वाढत्या बाकाला अडवणं. मोठ्यांची वाढ थांबलेली असते, म्हणून तोच ब्रेस कणा सरळ करत नाही. खांद्यांवरून जाणारे "पोश्चर बेल्ट" तर या कामाचे अजिबात नाहीत.

तरी कमरेचा पट्टा निरुपयोगी म्हणता येत नाही. लांबचा प्रवास, लग्नातलं उभं राहणं, अशा दोन-तीन तासांसाठी तो थकलेल्या स्नायूंना आधार देतो. चूक तेव्हा होते, जेव्हा सकाळी बांधलेला पट्टा रात्रीच सुटतो. मी दोन आठवड्यांची चाचणी देते: ठरलेल्या एकाच कामापुरता बांधा आणि तेच काम पट्ट्याशिवायही करून पाहा. पट्टा बांधून जास्त वेळ टिकता येत असेल तर ठेवा. पट्टा काढल्यावर आधीपेक्षा जास्त दुखू लागलं, तर तास कमी करा आणि व्यायाम वाढवा. वय झालेलं, दुखणं भारी आणि ऑपरेशन शक्य नाही, अशांना मापाचा कडक ब्रेस काही तास दिलासा देऊ शकतो. तो डॉक्टरांनी मोजून बनवून घेतलेला हवा.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं यांपैकी काही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तापासह किंवा वजन घटत असताना रात्रीची झोप मोडणारी पाठदुखी असेल तर तीही बाकाच्या खात्यात टाकू नका, लवकर डॉक्टरांना दाखवा.