वर्गातला गोंगाट आणि वर्गशिक्षकाचा विनोद: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी काही अनुभव

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते, आणि वर्गशिक्षिका या नात्याने मला बहुतेक वेळा मोठ्या सुट्टीनंतरचा तास मिळत आला आहे. नव्या शिक्षकांना सर्वांत जड जातो तो हाच तास. साठ मुले मैदानावरून धावत आलेली असतात, निम्म्यांचे हात अजून ओले असतात, आणि सुट्टीत अर्धवट राहिलेली भांडणे बाकावर बसून पुरी केली जात असतात. अशा वेळी टेबलावर डस्टर आपटला, तर शांतता जेमतेम अर्धा मिनिट टिकते. नेमका विनोद केला, तर ती अधिक टिकते. मात्र तो विनोद कोणावर आहे आणि हसू ओसरताच शिक्षक काय सांगतो, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते.

विनोदाचा रोख कधीही मुलावर नसावा. तो वस्तूवर, धड्यावर किंवा प्रसंगावर असावा. आमच्या वर्गातला पंखा कुरकुरतो. गोंगाट फार वाढला की मी पंख्याकडे पाहून अगदी गंभीरपणे सांगते, की याने लेखी तक्रार दिली आहे. या खोलीत आवाज करण्याचा मान इतकी वर्षे एकट्याचा होता, आता साठ जणांनी तो बळकावला आहे. समीकरणांच्या तासाला क्ष कामाला येतो. क्ष दर वर्षी हरवतो, दर वर्षी आठवीलाच त्याला शोधावे लागते, आणि इतक्या आवाजात हाक मारली तर त्याला ऐकू तरी कशी जाणार, एवढे म्हटले की पुरते. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यांचे वाक्य तर मला फार आवडते. 1663 मध्ये मावळे लाल महालात असेच गप्पा मारत शिरले असते, तर शाहिस्तेखान दारातच उभा राहून म्हणाला असता, ‘या, बसा!’ या तिन्ही विनोदांत वर्गाला त्याचा गोंगाट दाखवून दिला जातो, पण कोणाकडेही बोट जात नाही.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण विनोदाच्या शब्दांपेक्षा त्याची मांडणी शिकण्यासारखी आहे. ध्वनी हा धडा सुरू होता आणि वर्ग काही केल्या बसत नव्हता. मी काहीही न बोलता फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन आकडे लिहिले: 340 आणि 68. काही माना वर झाल्या. मग पहिल्या दोन बाकांनाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात मी म्हणाले, “हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पोषण आहाराची खोली इथून 68 मीटरवर आहे असे धरा. आपला हा आवाज तिथे किती वेळात पोहोचेल?” मागच्या बाकांवरून “काय म्हणाल्या बाई?” अशी विचारणा सुरू झाली आणि उत्तर ऐकायचे म्हणून मुलांनीच आपल्या शेजाऱ्यांना गप्प केले. एका मुलीने भागाकार करून 0.2 सेकंद असे सांगितले. त्यावर मी म्हणाले, “म्हणजे मावशींना आतापर्यंत पक्के कळले असणार, की आठवीची भूक अजून भागलेली नाही. त्या पुन्हा पातेले चढवतील, आणि आज संपूर्ण खिचडी आपल्यालाच संपवावी लागेल.” वर्ग खळखळून हसला.

यानंतरचे काही क्षण सर्वांत मोलाचे असतात. हसण्याची लाट चढते, टिकते आणि उतरते. ती उतरू लागताच एक छोटी, करता येण्यासारखी सूचना द्यावी लागते. मी म्हणाले, “वह्या उघडा, तारीख टाका, आणि आवाज मावशींकडे 0.2 सेकंदांत जातो, मग खिचडीचा वास इकडे यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ का लागतो, ते दोन ओळींत लिहा.” हात कामाला लागले आणि तेथून कंपनांचा धडा आपोआप सुरू झाला. ही सूचना उशिरा दिली, तर मुले एकमेकांना विनोद पुन्हा सांगू लागतात आणि हसण्याचाच नवा गोंगाट होतो. लवकर दिली, तर ती हशात बुडते. नव्या शिक्षकांचा विनोद फसतो तो बहुधा येथे. पुढची सूचना आधी ठरवून ठेवलेली नसते. म्हणून टाचणात विनोद लिहू नका, हवे तर त्यानंतरचे वाक्य लिहा.

काही वाक्ये आपल्या तोंडात इतकी बसलेली आहेत, की ती बोचतात हे लक्षातच येत नाही. “वर्ग आहे की मासळी बाजार?” हे त्यांतले पहिले. किनारपट्टीच्या गावांतच नव्हे, शहरातल्या शाळांतही एखाद्या मुलाची आई त्याच बाजारात टोपली घेऊन बसलेली असते, आणि तिच्या कष्टांचे नाव आपण बेशिस्तीला देतो. “बोला, बोला, तुमचे झाले की मी सुरू करते” हे दुसरे. पाचवीची मुले ते खरे मानून बोलत राहतात आणि नववीची मुले ते आव्हान म्हणून स्वीकारतात. आडनाव, रंग, शरीरयष्टी, गुण, बोलीतले उच्चार, उशिरा येणे, घरची परिस्थिती यांवर विनोद नको, हे वेगळे सांगायला नको. बालकांच्या शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यातील कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते, आणि भर वर्गात वारंवार केलेली टिंगल छळाच्या फार जवळ जाते.

एकदा सराव पाठासाठी आलेल्या एका छात्राध्यापकाने पेंगणाऱ्या मुलाला प्रेमाने कुंभकर्ण म्हटले. तास छान झाला, वर्गही हसला. पण त्या दिवशी सुट्टीत मैदानावरून “ए कुंभकर्णा, चेंडू टाक” अशी हाक आली आणि वर्ष संपेपर्यंत ते नाव त्या मुलाला चिकटून राहिले. मुलाला विनोद लागला आहे हे ओळखण्याची खूण मला अशा प्रसंगांतून कळली. विनोदानंतर वर्गाच्या नजरा शिक्षकाकडे असतील, तर चिंता नाही. त्या एकाच बाकाकडे वळल्या, आणि त्या बाकावरचे मूल इतरांच्या मागून, खाली पाहत हसले, तर विनोद त्याला लागला आहे. मग त्याच दिवशी त्या मुलाला एकटे गाठून, दोन वाक्यांत, कारणे न देता माफी मागावी. भर वर्गात मागितली तर पुन्हा सगळे त्याच्याकडेच पाहतात. टोपणनाव पडू लागले असेल, तर स्वतः हजेरी घेताना आणि प्रश्न विचारताना त्याचे खरे नाव नेमाने घ्यावे.

प्रत्येक वर्गात एक हजरजबाबी मूल असते आणि ते शिक्षकाच्या विनोदावर आपला विनोद चढवते. खिचडीच्या वेळी मागून आवाज आला, “बाई, लोणचेपण सांगा!” अशा वेळी मनापासून हसून पुढे जावे. त्याच्यावर कुरघोडी करायला गेलात, तर रोख एका मुलावर येतो, आणि जे टाळायचे तेच घडते.

एका तासाला एकच विनोद पुरे. तोच विनोद आठवडाभराने पुन्हा आला तरी बिघडत नाही, उलट तो खूण बनतो, आता मी नुसते “क्ष कुठे?” म्हणते, वर्ग “हरवला!” म्हणतो आणि वह्या उघडतो. मात्र भांडण, कोणाचे रडणे, दुखापत किंवा नुकतेच वाटलेले पेपर हे गोंगाटाचे कारण असेल, तर विनोद बाजूला ठेवावा, आधी ते कारण हाताळावे आणि तोपर्यंत बाकीच्या वर्गाला फळ्यावरचे एक उदाहरण सोडवायला द्यावे.