दोन जादा खुंट आणि ‘आता पुढे काय?’

रत्नागिरीत धक्क्याच्या बांधकामावर असताना ग्राहकाने बोटी बांधायचे दोन जादा खुंट मागितले की मी मुकादमाला लगेच सांगत असे, आणि पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेतील ‘आता पुढे काय?’ अशा सराव प्रश्नांतही याच सवयीने चुकत असे. नंतर मी थेट ‘बदल समितीकडे विनंती पाठवा’ हा पर्याय निवडू लागलो. तोही चुके, कारण वेळ, खर्च आणि जोखीम यांवरील परिणाम तपासल्याशिवाय समितीने निर्णय घ्यावा तरी कशावर? आता प्रश्नात आधी काय होऊन गेले आहे, तेच मी प्रथम शोधतो. परिणाम तपासलेला असेल तर विनंती; मंजुरी मिळालेली असेल तर आराखड्यात बदल नोंदवून मग काम. स्क्रम या छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीवरील प्रश्नात मात्र मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते आणि बॅकलॉगमधील, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतील, तिचा क्रम तोच ठरवतो.