हॉस्टेलवर केसांसाठी तीनच वस्तू पुरतात. या चुका टाळा

माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात आली, त्याला तीन महिने झाले असतील. दिवाळीआधी तिच्या खोलीवर गेले, तर खिडकीच्या कट्ट्यावर सात बाटल्या ओळीने उभ्या होत्या. दोन शाम्पू, कंडिशनर, हेअर मास्क, सीरम, कांद्याचं तेल आणि घरून आणलेलं खोबरेल. आम्ही बसून हिशेब केला. साडेसोळाशे रुपये गेले होते, आणि मेसचे पैसे सोडले तर तिला महिन्याला दोन हजार मिळतात. एवढं करून केस मुळाशी चिकट आणि टोकांना केरसुणीसारखे कोरडे. "ताई, इथलं पाणीच वाईट आहे. अजून एखादं चांगलं काही असेल तर सांग ना," असं ती म्हणाली.

मी नवीन काही सांगितलं नाही. सातांतल्या तीन वस्तू बाहेर ठेवल्या: साधा शाम्पू, कंडिशनर आणि खोबरेल. बाकीच्या कपाटात गेल्या. सोबत मोठ्या दातांचा एक कंगवा आणि घरातला जुना पंचा. मग तिला विचारलं, तू न्हातेस कशी ते पहिल्यापासून सांग. तिच्या उत्तरातच सगळ्या चुका सापडल्या, आणि हॉस्टेलवरच्या बऱ्याच मुलींच्या त्याच असतात.

शाम्पू टोकांना आणि कंडिशनर मुळांना

ती शाम्पू हातावर घेऊन केसांच्या लांबीवर चोळायची, कपडे धुतल्यासारखे केस एकमेकांवर घासायची. कंडिशनर मात्र थेट डोक्यावर ओतायची. हे नेमकं उलटं आहे. तेलकटपणा डोक्याच्या त्वचेतून येतो, म्हणून शाम्पूचं काम तिथे. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 40 सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांहून जुनं असतं. तीन वर्षं ऊन, कंगवा, रबरबँड सोसलेला तो भाग आधीच झिजलेला असतो. त्याला घासणी नको, कंडिशनरचा आधार हवा. मुळाशी लावलेलं कंडिशनर धुऊन निघालं नाही, की दुसऱ्याच दिवशी केस चापट आणि तेलकट दिसतात. मग मुलगी रोज शाम्पू करायला लागते आणि टोकं आणखी कोरडी पडतात.

तिला शिकवलेली पद्धत अशी. केस पूर्ण भिजवायचे. पाव मग पाण्यात दीड चहाचा चमचा शाम्पू ढवळायचा आणि ते पाणी भांगाभांगातून थोडं थोडं मुळांशी सोडायचं. बोटांच्या पेरांनी मिनिटभर चोळायचं, नखं लावायची नाहीत. धुताना फेस लांबीवरून खाली वाहतो, तेवढ्यात टोकं स्वच्छ होतात. मग केस हलके पिळायचे. पाणी गळत असताना लावलेलं कंडिशनर मोरीत जातं. दोन चमचे कंडिशनर कानाच्या खालच्या भागालाच लावायचं आणि ते केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर येत गुंता सोडवायचा. दोन मिनिटांनी धुवायचं. ओला केस सहज ताणला जातो आणि तुटतो, म्हणून कंडिशनर लावलेलं असतानाच विंचरणं सगळ्यात सुरक्षित. नंतर जाड टॉवेलने खसाखसा पुसू नका. पंच्यात गुंडाळून नुसतं दाबा.

आठवड्यातून दोनदा न्हाणं तिला पुरतं. कोणाच्या डोक्याला तीनदा लागेल, विशेषतः बसने रोज घाम गाळत जाणाऱ्यांच्या. केस अगदी आखूड असतील, तर कंडिशनर आणि तेल दोन्ही वगळा. तिथे एक शाम्पू पुरे.

तेल न्हाऊन झाल्यावर

घरची सवय म्हणून ती आठवड्यातून तीनदा वाटीभर तेल थापायची आणि एरवी न्हाऊन झाल्यावर "चमक येते" म्हणून पुन्हा हात फिरवायची. एवढं तेल काढायला दोनदा शाम्पू लागतो. तेल फुकट, शाम्पू दुप्पट.

खोबरेल तेल केसाच्या आत थोडं मुरतं. बऱ्याच स्वस्त हेअर ऑइलमध्ये असणारं पातळ खनिज तेल वरच राहतं. पाणी लागलं की केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि दरवेळी थोडा झिजतो. आधी मुरलेलं खोबरेल हे फुगणं कमी करतं. म्हणून ते न्हाण्याआधी लावायचं, रात्री किंवा तासभर आधी. लांब केसांना दोन चहाचे चमचे, त्यातलं बरंचसं लांबीला. यासाठी वेगळं "केसांचं" तेल घेऊ नका. स्वयंपाकाचं शुद्ध खोबरेल चालतं. बाटलीच्या मागे घटकांत खोबरेल सोडून दुसरं काही नसावं, एवढंच पाहा.

कोंडा असेल तर गोष्ट वेगळी. कोंड्याशी जोडलेली बुरशी डोक्याच्या तेलावरच जगते, आणि वरून तेल थापलं की पापुद्रे दबून दिसेनासे होतात, जात नाहीत. कोंडा जाईपर्यंत मुळांना तेल बंद ठेवा. दोन टक्के किटोकोनॅझोल असलेला शाम्पू औषधाच्या दुकानात मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, असं दोन ते चार आठवडे वापरायचा. लावून लगेच धुवायचा नाही, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा. "या शाम्पूने काही झालं नाही" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अर्ध्या मिनिटात धुतला असेल, असं मला दरवेळी वाटतं. त्याने केस कोरडे होतात, पण लांबीला कंडिशनर लावलं की भागतं.

पाण्याचा दोष ओळखायचा कसा

टँकर किंवा बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर चढत असेल, अंगाच्या साबणाला फेस येत नसेल, तर तुमचंही तसंच आहे. अशा पाण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे काटकसर म्हणून अंगाच्या साबणाने डोकं धुणं. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून एक चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचा तसा साका होत नाही. खाण्याचा सोडा वापरणाऱ्याही काही जणी आहेत. तो अल्कधर्मी असतो, केस खरखरीत करतो. दोन्ही बंद करा.

साका बसलाच असेल, तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधा पांढरा व्हिनेगर मिसळा, शाम्पूनंतर लांबीवरून ओता आणि साध्या पाण्याने धुवा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. डोक्यावर जखम किंवा ओरखडा असेल तर नको, झोंबतं. लिंबू थेट डोक्यावर पिळणंही याच कारणाने टाळा. जड पाण्याने येणारा सगळा राठपणा यातून जात नाही, पण चिकटपणा कमी होतो.

केस गळतात की तुटतात?

तिची खरी भीती ही होती. कांद्याचं तेल त्यासाठीच आणलेलं. मी मोरीच्या जाळीतून केसांचा पुंजका उचलून पांढऱ्या कागदावर पसरला आणि आम्ही एकेक केस उजेडात धरला. पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला बारीक पांढरट गाठ असलेला केस मुळापासून गळलेला असतो. आखूड, दोन्ही टोकांना काहीच नाही, असा तुकडा मधेच तुटलेला असतो. तिच्या कागदावर निम्म्याहून जास्त तुकडेच होते. तुटणाऱ्या केसाला मुळाशी लावायचं कोणतंच तेल काय करणार? तिथे कारण होतं घासून पुसणं, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधून आठच्या लेक्चरला पळणं आणि रबरबँड. रबरबँडच्या जागी कापडी बँड आला आणि न्हाणं सकाळऐवजी संध्याकाळवर गेलं.

गाठवाले केस रोज 50 ते 100 गळणं नेहमीचंच आहे. चार दिवसांनी न्हाणाऱ्याला चार दिवसांचे केस एकदम दिसतात आणि धस्स होतं. पण गाठवाले केस अचानक मूठमूठ यायला लागले, तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, मेसचं आवडत नाही म्हणून महिनाभर बिस्किटांवर काढलेले दिवस. अशा धक्क्यानंतर केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, आणि कारण दूर झालं की बहुधा पुढच्या सहा महिन्यांत थांबतात. तेव्हा सीरमच्या पैशांची अंडी, डाळ, शेंगदाणे आणा.

मोठी बाटली स्वस्तच, असं धरणं

पुडीवर आणि बाटलीवर मिली छापलेले असतात. भागाकार करून बघा. समजा पुडी 2 रुपयांना 6 मिली आहे, म्हणजे मिलीला 33 पैसे. 180 मिलीची बाटली 126 रुपयांना असेल, तर मिलीला 70 पैसे. शाम्पूत बरेचदा पुडीच स्वस्त निघते, कंडिशनरमध्ये उलटंही होतं. नवीन काही आजमावायचं असेल तेव्हा तर पुडीच घ्या, न मानवलेली बाटली वर्षभर कट्ट्यावर राहत नाही. प्लास्टिकचा कचरा मात्र वाढतो, तेव्हा पटलेल्या शाम्पूची ऑफरमधली मोठी बाटली मैत्रिणीबरोबर निम्मी निम्मी घेणं मला जास्त आवडतं.

काहीजणी शाम्पू पुरवायला बाटलीतच पाणी घालून ठेवतात. तसं करू नका. त्यातलं टिकवण्याचं द्रव्य पातळ होतं आणि दमट बाथरूममध्ये जंतू वाढू शकतात. मगात मिसळा आणि तेव्हाच संपवा.

बहिणीने सगळं एकदम बदललं नाही, मीच तसं सांगितलं होतं. पहिले दोन आठवडे फक्त शाम्पूची जागा आणि तेलाची वेळ. तिसऱ्या न्हाण्याला मुळांचा चिकटपणा गेला. मग कंडिशनर आणि कंगवा. टोकांना फाटे फुटले होते, ते कशानेच जुळत नाहीत, म्हणून इंचभर कापून आली. आता तिला महिन्याला शाम्पू साठ-सत्तर मिली आणि कंडिशनर ऐंशी-नव्वद मिली लागतं आणि खोबरेलाची लहान बाटली दोन महिने जाते. तिचा महिन्याचा खर्च दीडशेच्या आसपास येतो.

चार आठवडे औषधी शाम्पू वापरूनही खाज आणि पापुद्रे तसेच असतील, डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, पू किंवा फोड आले, किंवा भांग रुंद होत चालला आणि पाळीही अनियमित असेल, तर या तीन वस्तूंचं काम तिथे संपतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा. जाताना तेल लावू नका, डॉक्टरांना डोक्याची त्वचा नीट दिसली पाहिजे.